कालरेषेवरची मोकळी जागा

सारंगखेड्याची घोड्यांची जत्रा भरली होती. त्यामुळे रविवारी शाळेत बोलावलेल्या मुलांपैकी एकच मुलगी आली. बाकीची मुलं घोडे बघायला गेली. ही नववीतली, गावातल्याच केळीवाल्या गुजर घरातली. तिला घोड्यांचं काही वाटत नसावं, किंवा घरच्यांनी सोडलं नसेल. मी विचारलं नाही. या वयात मला कुणाला काही विचारायचाच कंटाळा येतो.

माझी सून त्या शाळेत इतिहास शिकवते. मीही तिथेच इतिहास शिकवला, निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. तालुक्याच्या प्रदर्शनासाठी तिच्या वर्गानं गावाची आणि शाळेची कालरेषा केली होती. ती एकदा नजरेखालून घालावी म्हणून ती आठवडाभर माझ्या मागे लागली होती. "आबा, एकदाव देखी ल्या. प्रदर्शनले लई जानं शे," असं ती सकाळी चहा देताना म्हणे, संध्याकाळी कंदील लावायच्या नेमानं पुन्हा म्हणे. मी टाळत होतो. गुडघे दुखतात हे एक कारण होतं. दुसरं मला ठाऊक होतं.

हॉलमध्ये जमिनीवर चार-पाच कार्डशीट एकमेकांना चिकटवून पसरल्या होत्या. मध्ये एक लाल रेषा, आणि तिच्या वर-खाली कार्डं. १९४७ स्वातंत्र्य. १९६० महाराष्ट्र राज्य. १९९८ नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. त्यांच्यामध्ये आमच्या शाळेच्या घटना: शाळेची सुरुवात, नवी इमारत, मुलींची पहिली तुकडी, विज्ञान शाखा, संस्थापकांच्या पुतळ्याचं अनावरण, संगणक कक्ष. दोन कार्डांमध्ये सगळीकडे एकच वीत अंतर. दिसायला फार छान होतं. कुठे गर्दी नाही, कुठे ओकंबोकं नाही.

मी ओळखलं. हे आमच्या व्हरांड्यातल्या भिंतीवरून उतरवलं होतं. भिंतीवरची ती कालरेषा मीच पेंटरकडून काढून घेतली होती, आणि मुलांनी तिचा क्रम, तिची अंतरं, पुतळ्याचा सोनेरी चौकोनसुद्धा जसाच्या तसा घेतला होता.

मी खुर्चीवर बसून पाहिलं आणि सोप्या चुका आधी काढल्या. तारखांची लेबलं एकसारखी नव्हती. एके ठिकाणी दिवस-महिना-वर्ष, दुसरीकडे नुसतं वर्ष, तिसरीकडे वर्षाचे शेवटचे दोनच आकडे. काही लेबलं रेषेच्या वर, काही कार्डाच्या पोटात. मी म्हटलं, सगळीकडे पूर्ण वर्ष लिही, चारही आकडे, आणि लेबल कायम रेषेला चिकटून असू दे. दिवस-महिना लागलाच तर कार्डाच्या आत. एखादं वर्ष पक्कं नसेल तर आधी 'सुमारे' लिही, उगाच छातीठोक लिहू नकोस. ती मान डोलावत वहीत टिपत होती. मग मी म्हटलं, बाकी ठीक आहे.

बाकी ठीक नव्हतं. पाचवीच्या मुलालाही कळावी अशी चूक होती, आणि ती मी ठीक म्हणून सोडून देत होतो.

सूनबाई दारात उभी होती. तिच्या हातात प्रदर्शनाचा गुणतक्ता होता. ती म्हणाली, परीक्षक प्रमाण बघतात. पट्टी घेऊन येतात. मग ती वाकली आणि बोटानं दोन ठिकाणं दाखवली. इथे एका वितीत दोन वर्षं गेली, आणि इथे तेवढ्याच वितीत बारा-तेरा. तिनं माझ्याकडे पाहिलं. ते बोलणं सासऱ्याशी नव्हतं, दोन शिक्षकांमधलं होतं.

"आबा, हाई तं चुकेल शे."

मी म्हटलं, हो, चुकलंय.

काय करायचं ते मग मीच सांगितलं, कारण ते मला येतं. वर्षं सारखी तर अंतर सारखं. घटना कधीही घडोत, रेषा त्यांच्यासाठी आखडत नाही आणि ताणत नाही. एक वर्ष म्हणजे पाच सेंटिमीटर धरू, म्हणजे दहा वर्षं अर्ध्या मीटरची. आधी दशकांच्या खुणा करायच्या, कार्डं नंतर. मुलीनं सगळी कार्डं सोडवली, रेषा उलट्या बाजूला नव्यानं आखायचं ठरलं. सूनबाई दुसऱ्या वर्गाचे पेपर तपासायला निघून गेली.

मुलीनं हुशारी केली आणि ती अंगाशी आली. एक दशक एका शीटवर, म्हणून तिनं शीट सुट्या केल्या, प्रत्येकीवर पट्टीनं नीट पन्नास सेंटिमीटर मोजले, कडा कापल्या आणि मग एकमेकींवर चढवून चिकटवल्या. खळ लावायला दोन बोटं कागद हवाच. प्रत्येक सांध्यात दोन बोटं गेली. सांधा जिथे तिथे अर्धं वर्षच नाहीसं झालं. शेवटाला पोचेपर्यंत रेषा चांगलीच आखूड झाली होती आणि संगणक कक्षाचं कार्ड त्याच्या वर्षाच्या खूप अलीकडे बसत होतं.

ती रडवेली झाली. मी म्हटलं, रडू नकोस, सगळेच हे करतात. आधी चिकटवायचं, मग आखायचं. आणि प्रत्येक खूण मागच्या खुणेपासून मोजायची नाही. टेप एकदाच शून्यावर धरायचा आणि तिथूनच सगळं मोजायचं, नाहीतर चूक चुकीला जोडत जाते. तिनं टेपचं एक टोक माझ्या चपलेखाली दिलं. मी शून्यावर पाय ठेवून बसलो आणि ती टेप घेऊन गुडघ्यांवर सरकत निघाली.

कार्डं एकेक करून जागेवर लागायला लागली. 

नवी इमारत लागली. त्यानंतर पुष्कळ सेंटिमीटर काही नाही. मग एकदम चार कार्डं एकमेकांवर चढलेली. मधली जागा इतकी मोठी की तिथे तान्हं मूल आडवं झोपावं. मुलगी उभी राहिली आणि कंबरेवर हात ठेवून बघत राहिली.

"मोठे सर, इथे शाळा बंद होती का?"

नाही, मी म्हटलं.

"मग काहीच नाही झालं?"

मी पाणी प्यायलो.

ती विचार करत होती. मधेच अगदी रिकामं दिसतंय, म्हणाली; इथे सूर्यफूल काढू का? नाहीतर रेषेला नागमोडी तोड देऊ, पुस्तकात असते तशी, 'काही काळ वगळला आहे' अशी. तोड देता येते. ती खोटी नाही. खरोखरच काही नसेल तर वापरतात. मला फक्त हो म्हणायचं होतं. एका नागमोडी रेषेत सगळं बसलं असतं आणि मी घरी जाऊन पाय शेकत बसलो असतो.

भिंतीवर मीही आधी प्रमाणातच आखून घेतलं होतं. हे कुणालाही ठाऊक नाही, पेंटर तर गेलाही. खडूनं खुणा केल्यावर हीच जागा भिंतीवर उघडी पडली होती. शिक्षणसंस्थेचे तेव्हाचे अध्यक्ष संध्याकाळी फेरीला आले आणि म्हणाले, सर, इथे भिंत का बोडकी ठेवली? काहीतरी करा. मी खडूच्या खुणा ओल्या फडक्यानं पुसल्या आणि पेंटरला सांगितलं, सगळं सारख्या अंतरावर घे. तो म्हणाला, असंच बरं दिसतं. मीही म्हटलं, असंच बरं दिसतं. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी त्याच भिंतीपुढे मुलांना उभं करून कालरेषा शिकवली. एखाद्या चिकित्सक मुलानं अंतराचं विचारलं तर मी घंटेकडे बघायचो.

त्या मोकळ्या जागेत वसतिगृह होतं.

शाळेच्या मागे खोल्यांची एक रांग होती. मोलगीकडची, डोंगरातली आदिवासी मुलं तिथे राहायची. नवी इमारत झाल्यावर वसतिगृह सुरू झालं आणि पुढे काही वर्षं चाललं. मुलं घरी त्यांची बोली बोलायची, आमच्याशी पुस्तकातली मराठी बोलायची, आणि आमची अहिराणी त्यांना पोरांमध्ये खेळून आली होती. होळीला ती घरी जात. होळी हा त्यांचा मोठा सण. तेवढे दिवस त्यांना शाळेत अडवणं कुणाला जमलं नसतं. एका वर्षी होळीच्या आधी संस्थेनं ठरवलं की त्या खोल्या कार्यालयाला आणि सामानाला हव्यात. वसतिगृह बंद. मुलं घरी गेलेली असताना करू म्हणजे गडबड होणार नाही, असं बैठकीत बोललं गेलं. मी सगळ्यांत नवा शिक्षक होतो. मुलं परत येतील त्या दिवशी फाटकावर थांबायचं काम माझ्याकडे आलं.

मुलं आली. पत्र्याच्या पेट्या डोक्यावर, खांद्यावर. शहाद्यापर्यंत जीपनं, पुढे एसटीनं, आणि फाट्यापासून पायी. एकाच्या मानेवर आणि पोटऱ्यांवर होळीला अंगावर रंगवलेले पांढरे ठिपके नीट धुतले गेले नव्हते. मी त्यांना सांगितलं की सुट्टी वाढली आहे. परत केव्हा यायचं तो निरोप येईल. खरं सांगायला मला कुणी मनाई केली नव्हती. खोटं माझंच होतं. ते सोपं होतं. मुलं हसली, सुट्टी वाढली म्हणून. मग पेट्या उचलून फाट्याकडे निघाली.

निरोप मी पाठवायचा होता. कुणाला पाठवायचा, कोणत्या गावात, हजेरीपटावर पत्ते होते की नव्हते, हे मी बघितलंच नाही. काही आठवडे वाटत राहिलं की उद्या करू. मग वर्ष संपलं.

एवढंच आहे. मोठं काही नाही, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं.

मी मुलीला म्हटलं, तोड नको, सूर्यफूलही नको. सूनबाईंना बोलाव.

सूनबाई आली. मी सांगितलं, जरा थांबत थांबत.  मुलगी टेप गुंडाळत होती, तिला ऐकू जात होतं. मग सूनबाईनं हळू विचारलं, जणू मी आजारी आहे.

"आबा, इतला दिन कसाले नही सांगं?"

 मी म्हटलं, भिंतीवर नव्हतं म्हणून.

तिची अडचण मला कळत होती. तिच्या नेमणुकीची कायमची मान्यता अजून यायची होती आणि तो कागद संस्थेच्या सहीनं पुढे जायचा होता. आत्ताचे अध्यक्ष म्हणजे तेव्हाच्या अध्यक्षांचे चिरंजीव. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. जत्रेकडे जाणाऱ्या टेम्पोंचे भोंगे ऐकू येत होते. मग परत येऊन म्हणाली, कार्ड करू. संस्थेच्या मर्जीविरुद्ध तिचं हे पहिलंच बोलणं, आणि मला हायसं वाटलं.

आता प्रश्न आला कार्डाच्या आकाराचा. मुलीनं तीन आकार ठेवले होते: मोठं, मधलं, लहान. पुतळ्याचं कार्ड सगळ्यांत मोठं आणि सोनेरी, भिंतीवर तसं होतं म्हणून. मी विचारलं, मोठं कशाला द्यायचं? ती म्हणाली, महत्त्वाचं असेल त्याला. मी विचारलं, कुणासाठी महत्त्वाचं? डोळा आधी मोठ्याकडे जातो, मग गडद रंगाकडे, मग चित्राकडे. तू जे मोठं करशील तेच लोक वाचतील आणि तेच घडलं असं समजतील. म्हणून आधी नियम ठरव आणि मग तो सगळ्यांना लाव.

तिनं पेन तोंडात धरून बराच वेळ विचार केला. मग म्हणाली, ज्यामुळे शाळेत कोण येऊ शकतं ते बदललं, ते मोठं. शिकायचं काय ते बदललं, तर मधलं. बाकी लहान.

त्या नियमानं शाळेची सुरुवात मोठी झाली, मुलींची तुकडी मोठी झाली. विज्ञान आणि संगणक मधले. पुतळा लहान. वसतिगृह सुरू झालं हे मोठं, आणि ते बंद झालं हेही मोठं. तिनं दोन्ही कार्डं कापली. वर्षं मला माहीत होती. 'सुमारे' लिहायची गरज पडली नाही. प्रत्येक कार्डाच्या पाठीला आधार लिहायचा होता. बाकीच्यांच्या पाठीला तिनं 'व्हरांड्यातील भिंत' लिहिलं होतं. इथे तिचं पेन थांबलं.

"आधार काय लिहू, सर?"

मी म्हटलं, फाटकावर उभा असलेला शिक्षक, असं लिही. तिनं लिहिलं. अक्षर चांगलं आहे तिचं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अध्यक्ष बघायला आले. ते माझे विद्यार्थी, चांगले विद्यार्थी होते. आधी माझ्या पाया पडले. मग पुतळ्याचं कार्ड शोधायला त्यांना वेळ लागला आणि त्यांचा चेहरा उतरला. मग वसतिगृह बंद झाल्याचं मोठं कार्ड वाचलं.

"सर, तुमीनच भिंतवर लिखं. तठे तं हाई नव्हतं," ते म्हणाले. "आते कसाले काढी ऱ्हायनात?"

मी म्हटलं, भिंतीवर मीच चुकवलं होतं.

ते चिडले नाहीत. चिडले असते तर सोपं होतं. म्हणाले, माझे वडील गेले, आता ते उत्तर द्यायला येणार आहेत का. म्हणाले, सर, तुम्ही त्यांच्याच पंक्तीत बसत होतात. खरं होतं. मी म्हटलं, त्यांचं नाव कुठेच नाही, माझाच आधार आहे, वाटल्यास माझं नाव घाला. ते थोडा वेळ फिरले. मग सूनबाईकडे वळून म्हणाले, मॅडम, काढा असं मी म्हणत नाही. पण इतकं मोठं नको. बंद झाल्याचं लहान करा, रंग नको. तालुक्याचे लोक येतात.

सूनबाईनं माझ्याकडे पाहिलं. मुलीनंही पाहिलं, तिचा नियम मोडत होता आणि तिच्या डोळ्यांत ते दिसत होतं. मी दमलो होतो. सकाळपासून लाकडी खुर्चीवर होतो आणि मला भांडायचं नव्हतं. मी म्हटलं, ठीक आहे, लहान करा. पण आजूबाजूला काही काढू नका. फूल नको, सही नको, शाळेचं बोधचिन्हही तिथे नको. अध्यक्ष म्हणाले, ते काय, मोकळं ठेवा. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता.

मुलगी फणफणत कापत होती. मी तिला जवळ बोलावून सांगितलं की फळ्याच्या मध्यात एक टिंब काढ आणि लांब जाऊन बघ. ती गेली नाही. पण कार्ड चिकटवल्यावर हॉलच्या दारापाशी जाऊन उभी राहिली, आणि तिथूनच तिला कळलं. गर्दीतली मोठी कार्डं एकमेकांना खात होती, वसतिगृह सुरू झाल्याचं कार्डही नव्या इमारतीला खेटून बसलं होतं. मोकळ्या जागेत एकटं पडलेलं ते पांढरं, बोटभर कार्ड दारातूनच दिसत होतं.

हे मी चलाखीनं केलं का, असं मला नंतर सूनबाईनं विचारलं. खरं सांगायचं तर निम्मं. निम्मं मी थकून हो म्हटलं होतं.

प्रदर्शनात आमचा तक्ता खिडकीजवळ लागला. मला बसायला प्लॅस्टिकची खुर्ची दिली. परीक्षक बाई पट्टी घेऊन आल्या, शून्यापासून मोजलं, सांध्यांवर बोट फिरवलं, लेबलं वाचली. आकाराचा नियम मुलीनं त्यांना सांगितला. मग त्या तिथेच थांबल्या, सगळे थांबत होते तिथे. म्हणाल्या, नियमानं हे कार्ड मोठं हवं ना? मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं. सगळं सांगितलं, ठिपक्यांसकट. बाईंनी ऐकलं, कार्ड उलटून आधार वाचला, कागदावर काहीतरी टिपलं आणि पुढच्या तक्त्याकडे गेल्या. त्यांना अजून बरेच तक्ते बघायचे होते.

त्यानंतर दिवसभर लोक येत राहिले आणि त्याच जागी विचारत राहिले. हे काय? मधे काही नाही का? मी सांगत राहिलो. पहिल्यांदा सांगताना अडखळलो होतो. दुपारनंतर तेही थांबलं. मी नुसता सांगत होतो, एसटीच्या चौकशी खिडकीतला माणूस सांगतो तसा. कदाचित ते तसंच सांगायला हवं होतं, पहिल्यापासून, फाटकावरसुद्धा. खोल्या काढून घेतल्या आहेत, तुम्ही दुसरी शाळा बघा, अमक्या शाळेत चौकशी करा, हा पत्ता. एवढंच. मुलं ऐकून चालती झाली असती, पण कुठे जायचं ते कळून.

नंबर आला नाही. नियम एका कार्डाला लागू केला नाही म्हणून गुण कापले होते. मुलीनं शेरा दोनदा वाचला. सूनबाईच्या मान्यतेचा कागद अजून गेलेला नाही. त्याचं कारण हेच की आणखी काही, सांगता येत नाही.

परतताना जीपमध्ये तक्त्याची गुंडाळी माझ्या मांडीवर होती. मला वाटलं सूनबाई झोपली. पण ती डोळे मिटूनच बोलली.

"आबा, भिंतनं बी करनं पडी."

मी म्हटलं, पडेल. पण त्या भिंतीत दोन दारं येतात. शून्य कुठे धरायचा आणि दारांच्या जागी वर्षं कशी न्यायची, ते आधी मोजून बघावं लागेल. ती म्हणाली, सुट्टीत मोजू. मी म्हटलं, सुट्टीत नको. सोमवारी.